उशिरा दिसलेला ‘हाय’

मैत्रिणींनो, मोबाइल दिवसभर घरातच असतो, तरी कुणाचा तरी साधा ‘हाय’ आपल्याला पाच-सहा तासांनी दिसतो. सकाळची घाई, शेतावरचा डबा, दुपारची मीटिंग, आणि संध्याकाळी चहा घेताना सहज पाहावं तर सकाळपासून कुणी दारात उभं! मग जीव चुटपुटतो. काय लिहावं? नुसतं ‘हाय’ लिहिलं तर बेफिकीर वाटतं, आणि कारणं सांगत बसलं तर ती संपतच नाहीत.

आमचा दरेकसा भाग तुम्हाला ठाऊक असेल. डोंगर, जंगल, आणि बोगदा ओलांडला की रेल्वे छत्तीसगडात शिरते. बचत गटाच्या कामासाठी आतल्या गावांत गेलं की मोबाइलची रेंज कधी असते, कधी नसते. मागच्या पावसाळ्यात असंच झालं. गटातल्या एका वहिनीचा ‘हाय ताई’ सकाळी १०.४० ला आलेला, मी पाहिला संध्याकाळी सहाला. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की मी लिहून टाकलं, ‘सॉरी सॉरी गं, सकाळपासून मीटिंग होती, तिकडे रेंज नाही, घरी आले तर पाहुणे, त्यात चार्जिंग संपलं, मुद्दाम नाही हं केलं, प्लीज राग मानू नको.’

तिचं उत्तर आलं, ‘काही नाही ताई, सहजच.’ मीही निश्चिंत झाले.

आठ दिवसांनी बैठकीत कळलं, ते सहज नव्हतं. मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला तिला सालेकसाला जायचं होतं. कोणकोणते कागद लागतात, ते मला विचारायचं होतं. ती तशीच गेली, एक कागद कमी पडला, परत जावं लागलं. ऐन रोवणीच्या दिवसांत दोन दिवसांची मजुरी बुडाली. ‘मग मला सांगितलं का नाहीस?’ असं विचारलं, तर म्हणाली, ‘तुमचा एवढा मोठा मेसेज वाचला न ताई, वाटलं, बाई आधीच किती हैराण आहे. आपलं कशाला सांगाचं?’

तिचं बोलणं माझ्या मनाला लागलं. मी समजत होते की मी नम्रपणे वागले. खरं तर त्या सगळ्या मेसेजमध्ये मीच मी होते. माझी मीटिंग, माझे पाहुणे, माझं चार्जिंग. ती मात्र कुठेच नव्हती. कारणांचा ढीग लावला की समोरचीला आधी आपलीच समजूत काढावी लागते. ‘असू द्या ताई’ म्हणण्यातच तिचं बोलणं संपतं.

आपल्या आजीच्या वेळची पत्रं आठवा. पत्राची सुरुवातच असायची, ‘तुमचे पत्र पावले, मजकूर समजला.’ पोस्टाला आठ दिवस लागोत की पंधरा, आधी पोच द्यायची आणि मग पुढचं बोलायचं. उशीर झाला असेल तर त्याचा उल्लेख एका वाक्यात. उशिरा दिसलेल्या ‘हाय’लाही हीच रीत पुरते.

मी आता तीन छोट्या गोष्टी लिहिते. पहिली पोच : ‘तुझा मेसेज आत्ता पाहिला.’ यातच उशीर कबूल होतो. त्याच दिवसाचा उशीर असेल तर वेगळी माफी लागत नाही. दिवस उलटून गेला असेल, तर ‘उत्तराला उशीर झाला गं’ एकदाच. दुसरी गोष्ट तिची चौकशी, नावाने किंवा नात्याने. आणि तिसरी म्हणजे पुढचं दार उघडं ठेवणं : ‘बोल ना, आता साडेआठपर्यंत मी मोकळी आहे.’

ही तिसरी गोष्ट विसरू नका. वेळेवर आलेल्या ‘हाय’ला नुसतं ‘हाय’ चालतं, कारण दोघी त्या वेळी मोबाइलजवळ असतात. सहा तासांनी नुसतं ‘हाय’ पाठवलं तर ती स्वयंपाकात असते, ती पाहील तेव्हा आपण झोपलेल्या असू, आणि मूळ गोष्ट आणखी एक दिवस लांबते. ‘काही काम होतं का?’ असंही मी आता विचारत नाही. संकोची बाई त्यावर चटकन ‘नाही’ म्हणते. ‘काय काम?’ तर थेट दटावल्यासारखंच वाटतं. ‘बोल ना’ म्हटलं की तिला धीर येतो.

आणखी एक, खोटं कारण सांगू नका. व्हॉट्सअॅपवर मेसेज पाठवला की एक खूण येते, आपल्या मोबाइलवर पोचला की दोन, आणि आपण उघडला की त्या निळ्या होतात. ही निळी खूण २०१४ पासून आहे. ती सेटिंगमधून बंद केली नसेल, तर पाठवणारीला मेसेजवर बोट दाबून Info मध्ये पोचल्याची आणि वाचल्याची वेळही दिसते. तेव्हा सकाळी अकराला उघडलेल्या मेसेजला रात्री ‘आत्ताच पाहिला’ म्हटलं तर ती काही बोलणार नाही, पण समजून जाईल. दुपारी आपण स्टेटसवर फोटो टाकलेला असेल, तर ‘दिवसभर रेंज नव्हती’ हेही टिकत नाही. त्यापेक्षा सरळ लिहावं, ‘सकाळी पाहिला होता, उत्तर द्यायचं राहून गेलं.’ हे ऐकून कुणी रागावत नाही, कारण सगळ्यांचंच असं होतं.

माणूस बघून शब्द थोडे बदलतात. बहिणीला, मैत्रिणीला ‘अगं, आत्ता बघितला’ पुरे. मोठ्या जाऊबाईंना किंवा मुलाच्या शिक्षकांना ‘नमस्कार, तुमचा मेसेज आता पाहिला. उद्या सकाळी दहानंतर फोन करू का?’ असं लिहावं. ‘क्षमस्व’ हा शब्द कार्यालयीन सूचनेत शोभतो, घरात परका वाटतो. रात्री अकराला मेसेज दिसला, तर उत्तर सकाळी द्यावं, उगाच कुणाची झोप मोडू नये. आणि अनोळखी नंबरवरून आलेल्या ‘हाय’ला ही रीत लागू नाही, बरं का. तिथे उशीर झाल्याची माफी तर नकोच, उत्तरही देणं बंधनकारक नाही.

मधे दिवाळीच्या आधी त्याच वहिनीचा पुन्हा ‘हाय ताई’ आला. दुपारी बाराचा, मी पाहिला पाच वाजता. मी लिहिलं, ‘वहिनी, मेसेज आत्ता पाहिला. मुलगी कशी आहे? बोला ना, सातपर्यंत मी घरीच आहे.’

दोन मिनिटांत फोन वाजला. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख दोन दिवसांवर आली होती. या वेळी आम्ही दोघी बरोबर गेलो. जाण्याआधी फोनवरच सगळे कागद मोजून घेतले, आणि एकाच फेरीत काम झालं.