सहा रेषांमधलं मँगनीज

मॅग्नेशियम ऑक्साइडच्या स्फटिकात मँगनीजचे अंशमात्र आयन शिरलेले असतात. असा स्फटिक चुंबकात ठेवून त्यावर ९.५ गिगाहर्ट्‌झच्या सूक्ष्मलहरी सोडायच्या आणि क्षेत्र हळूहळू वाढवत न्यायचं. ३४० मिलिटेस्लाच्या आसपास आलेखावर सहा ठळक रेषा उमटतात.

सहाच का? मँगनीजच्या अणुगर्भाची फिरकी ५/२ असते, म्हणजे तो सहा दिशांनी उभा राहू शकतो. प्रत्येक दिशेला इलेक्ट्रॉनला जाणवणारं क्षेत्र किंचित वेगळं. रेषांमधलं हे अंतर म्हणजे अतिसूक्ष्म विभाजन.

जी-मूल्य काढायचं सूत्र सोपं आहे: ७१.४५ गुणिले गिगाहर्ट्‌झमधली वारंवारता, भागिले मिलिटेस्लामधलं क्षेत्र. मग सहा रेषांचा मध्य घेतला की झालं? मधल्या दोन रेषांचा मध्य साधारण ३३८.२ येतो आणि जी २.००७ निघतं. खरं मूल्य २.००१४ आहे!

गफलत कुठे झाली ते अंतरं मोजली की कळतं. डावीकडचं अंतर ८.२ मिलिटेस्ला, मधलं ८.७, उजवीकडचं ९.१. अणुगर्भाची ओढ बाहेरच्या क्षेत्रापुढे अगदीच नगण्य नसल्यामुळे सगळ्या रेषा कमी क्षेत्राकडे सरकतात, मधल्या सर्वांत जास्त, सुमारे ०.९४ मिलिटेस्ला. तेवढी भर मध्यात घातली की ३३९.१ मिळतं आणि जी जागेवर येतं. विभाजनासाठी मात्र मधलं अंतर बिनदिक्कत घ्यावं.

अंतरं एकसारखी वाढत नसतील, तर दुसऱ्याच एखाद्या आयनाची रेषा मध्ये घुसलेली असण्याची शक्यता तपासावी. क्रोमियमची १.९८ ची रेषा या स्फटिकात हमखास भेटते.