कापडाच्या शहरातून पाहिलेले कर-उत्पन्न गुणोत्तर

एखाद्या देशात एका वर्षात सरकारने गोळा केलेल्या सर्व करांची बेरीज घेऊन तिला त्या वर्षीच्या सकल देशांतर्गत उत्पादनाने, म्हणजे देशाच्या हद्दीत झालेल्या एकूण मूल्यवृद्धीने, भागले असता जी टक्केवारी मिळते तिला कर-उत्पन्न गुणोत्तर म्हणतात. व्याख्या अशी दोन ओळींत संपते. तरी तिच्यातील अंश आणि छेद या दोन्हींत काय धरले आहे हे पाहिल्याखेरीज दोन देशांची तुलना करणे धोक्याचे ठरते. भारताच्या बाबतीत केवळ केंद्राचे कर घेतले, तर 2023-24 साली हे गुणोत्तर 12 टक्क्यांच्या किंचित खाली होते आणि राज्यांचे कर मिळवले की ते 17-18 टक्क्यांच्या आसपास जाते. प्रगत देशांच्या ओईसीडी या संघटनेतील सरासरी सुमारे 34 टक्के असून फ्रान्स व डेन्मार्क 43 टक्क्यांच्या पुढे आहेत. मात्र त्या 34 टक्क्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा सामाजिक सुरक्षेच्या सक्तीच्या वर्गणीचा असतो. आपल्याकडील भविष्य निर्वाह निधी कामगाराच्या स्वतःच्या खात्यात जमा होत असल्यामुळे करांत मोजला जात नाही. तेव्हा अंतर मोठे असले, तरी दिसते तेवढे नाही.

छेदाची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अंशात केवळ प्रत्यक्ष तिजोरीत आलेला पैसा धरला जातो, तर छेदात जे प्रत्यक्ष मोजता आले नाही त्याचाही अंदाज बांधून समावेश केलेला असतो. ज्या यंत्रमागाची कोठेही नोंदणी नाही, ज्या घरात विड्या वळल्या जातात, ज्या शेतातून डाळिंबे निघतात, त्या सर्वांची मूल्यवृद्धी नमुना पाहण्यांच्या आधारे राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाते. म्हणून हे गुणोत्तर कराच्या दराविषयी जितके सांगते, त्याहून कितीतरी अधिक अर्थव्यवस्थेचा किती भाग हिशेबाच्या वह्यांतून जातो याविषयी सांगते. सोलापूरच्या कापडधंद्याचा इतिहास या दृष्टीने विशेष बोलका आहे, कारण तेथे एकाच वस्तूचे उत्पादन वेगवेगळ्या काळी मोठ्या गिरणीत आणि लहान मागावर झाले आणि कराची नजर दोहोंवर सारखी कधीच नव्हती.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, जिला शहर आजही जुनी मिल म्हणून ओळखते, एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात उभी राहिली. 1896 साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात विणलेल्या गिरणी कापडावर साडेतीन टक्के उत्पादन शुल्क बसवले. आयात कापडावर तेवढीच जकात असल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तोटा होऊ नये, हा त्यामागील उघड हेतू होता आणि राष्ट्रीय चळवळीने त्यावर जी टीका केली ती रास्तच होती. या कायद्यातील एक बाजू मात्र सहसा चर्चेत येत नाही: हातमागाच्या कापडाला त्यातून वगळले होते. विणकराविषयी सहानुभूती हे त्याचे एक कारण मानले, तरी व्यवहाराचे कारण त्याहून भक्कम होते. गिरणीला एक दरवाजा असतो, गोदाम असते, किती सूत आत गेले आणि किती ठाण बाहेर पडले याची वही असते, त्यामुळे एक अधिकारी हजार मागांचा कर एका ठिकाणी बसून वसूल करू शकतो. त्याच शहरातील पद्मशाली विणकरांच्या घराघरांतले हातमाग मोजायचे, तर वसुलीचा खर्च करापेक्षा जास्त झाला असता. हे शुल्क 1925 साली थांबवले गेले, परंतु कर जेथे सापडतो तेथेच बसतो हा त्यातील नियम मागे राहिला.

स्वातंत्र्यानंतर तोच नियम नव्या रूपात आला. गिरणीच्या कापडावर पूर्ण उत्पादन शुल्क आणि थोडे माग असलेल्या यंत्रमागधारकाला माफी किंवा सवलतीचा दर, अशी रचना अनेक वर्षे चालली. तिचा परिणाम असा झाला, की कापड तेच असूनही लहान राहण्यात फायदा होता, आणि धंदा वाढला तरी माग एकाच नावावर न वाढवता कुटुंबातील वेगवेगळ्या नावांवर विभागणे सोयीचे ठरले. पुढे गिरण्या बंद पडल्या, त्यास जुनी यंत्रसामग्री, मजुरीचा खर्च आणि व्यवस्थापनातील दोष ही कारणे होतीच. पण विणकाम गिरणीतून यंत्रमागाकडे सरकण्यात कराच्या या फरकाचाही वाटा होता. करवसुलीच्या दृष्टीने पाहिले तर उत्पादन टिकून राहिले आणि दरवाजा मात्र नाहीसा झाला. मोजणीचा छेद जागेवर राहून अंश आक्रसण्याची ही रीत आहे.

1 जुलै 2017 पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराने, म्हणजे जीएसटीने, ही अडचण वेगळ्या मार्गाने सोडवण्याचा प्रयत्न केला. त्याची यंत्रणा कळण्यासाठी एक कल्पित पण साधे उदाहरण पुरेसे आहे. समजा, एका यंत्रमागधारकाने वर्षभरात 10 लाख रुपयांचे सुती सूत घेतले आणि त्यावर 5 टक्क्यांप्रमाणे 50 हजार रुपये कर दिला, आणि त्यातून विणलेले कापड 16 लाखांना विकले. तो नोंदणीकृत असेल तर विक्रीवर 80 हजार कर आकारील, सुतावर दिलेले 50 हजार त्यातून वजा करील आणि 30 हजार सरकारजमा करील. या वजावटीला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. परंतु वस्तूंसाठी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात 40 लाखांच्या उलाढालीची असल्यामुळे त्याला नोंदणी न करण्याची मुभा आहे. तशा स्थितीत सरकारला सुतावरचे 50 हजारच मिळतात आणि विणकामातून झालेली पाच-साडेपाच लाखांची मूल्यवृद्धी राष्ट्रीय उत्पन्नात येते, पण तिच्यावरचा कर येत नाही. येथे दोन गोष्टी दिसतात. एक, नोंदणीबाहेर असणे म्हणजे करमुक्त असणे नव्हे, कारण सुतावरचा कर त्याने भरलेलाच आहे आणि तो त्याला परतही मिळत नाही. दुसरी, त्याचे गिऱ्हाईक नोंदणीकृत व्यापारी असेल, तर बिलावर कर नसल्यामुळे त्या व्यापाऱ्याला क्रेडिट मिळत नाही. पुढच्या विक्रीवर पूर्ण कर त्याच्याच माथी येतो आणि म्हणून तो नोंदणीकृत विणकराकडून माल घेणे पसंत करतो. दारोदार निरीक्षक न पाठवता साखळीतला पुढचा माणूस मागच्याला वहीत ओढतो, हीच या कराची खरी ताकद आहे. साखळी जेथे थेट गिऱ्हाइकाशी संपते, तेथे ही ताकदही संपते. शिवाय सोलापुरी टॉवेल परदेशी गेला, तर निर्यातीवर जीएसटीचा दर शून्य असल्यामुळे आधी भरलेला कर परत मिळतो. म्हणजे निर्यात उत्पन्नात पूर्ण मोजली जाते, मात्र या करात तिचा वाटा नसतो.

प्राप्तिकराची कथा याच धाग्याने पुढे जाते. डेन्मार्कमध्ये अर्थतज्ज्ञांनी केलेल्या एका प्रसिद्ध तपासणी-प्रयोगात असे आढळले, की ज्या उत्पन्नाची माहिती मालक किंवा बँक परस्पर सरकारला कळवते त्यात चोरी जवळजवळ शून्य असते, आणि जे उत्पन्न व्यक्तीने स्वतः जाहीर करायचे असते त्यात ती एक तृतीयांशाच्याही वर जाते. माणसे सर्वत्र सारखीच. फरक दुसऱ्या कोणाच्या वहीत नोंद आहे की नाही एवढाच. डेन्मार्कमध्ये बहुतेक काम करणारे पगारदार आहेत, तर भारतात 2023-24 च्या श्रमबल पाहणीनुसार सुमारे 58 टक्के लोक स्वयंरोजगारात आणि सुमारे 22 टक्केच नियमित पगारावर आहेत. गिरणीच्या काळात ज्या विणकराचे नाव मस्टरवर होते, त्याचा नातू आज तुकड्यावर मजुरी घेतो. त्याच्या मजुरीतून उगमस्थानी कर कापणारा, म्हणजे टीडीएस करणारा, कोणी नाही. उत्पन्न अल्प असल्यामुळे कापण्यासारखेही फारसे नसते. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर लागत नाही, आणि हा आकडा दरडोई उत्पन्नाच्या जवळपास पाचपट आहे. श्रीमंत देशांत ही मर्यादा सरासरी उत्पन्नाच्या बरीच खाली असते. मर्यादा खाली आणली की कर वाढेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्यांचे उत्पन्न पडताळता येत नाही अशा कोट्यवधी लोकांची विवरणपत्रे तपासण्याचा खर्च पाहता, गरीब देश उंच मर्यादा ठेवतात त्यात केवळ औदार्य नाही, हिशेबही आहे.

सोलापूर जिल्ह्याची दुसरी बाजू उसाची आणि डाळिंबाची आहे. राज्यातील सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत त्याची गणना होते. कारखान्यातून निघणाऱ्या साखरेवर 5 टक्के जीएसटी लागतो. उजनीच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्याला मिळालेला मोबदला मात्र प्राप्तिकर कायद्यातून वगळलेला आहे. संविधानाने शेती उत्पन्नावरील कर राज्यांच्या यादीत टाकला असल्यामुळे केंद्राला तो बसवताच येत नाही. 1972 साली के. एन. राज समितीने शेतजमिनीच्या उत्पादकतेवर आधारित कर सुचवला होता, जेणेकरून प्रत्येक शेतकऱ्याची वही तपासावी लागू नये. राज्यांनी तो उचलला नाही. देशाच्या मूल्यवृद्धीत शेती व संलग्न क्षेत्रांचा वाटा सहाव्या हिश्शाच्या आसपास आहे. बहुतेक शेतकऱ्यांचे उत्पन्न इतके तुटपुंजे आहे, की सूट काढूनही त्यांच्यावर कर बसणार नाही. प्रश्न वरच्या थराचा, आणि शेतीच्या नावाखाली दाखवल्या जाणाऱ्या इतर उत्पन्नाचा आहे.

उत्पन्न वाढते तसे गुणोत्तर वाढते, हा जगभरचा सर्वसाधारण कल याच कारणांनी घडतो: शेतीचा वाटा घटतो, पगारदार वाढतात, दुकानांची जागा कंपन्या घेतात आणि कराचा भार बंदरावरच्या जकातीकडून विक्री व उत्पन्नाकडे सरकतो. भारतातच 1950-51 साली हे गुणोत्तर 6 टक्क्यांच्या जवळ होते आणि सीमाशुल्क हा केंद्राचा मोठा आधार होता. 2023-24 साली केंद्राच्या एकूण करांत सीमाशुल्काचा वाटा 7 टक्क्यांच्याही खाली होता. पण कल म्हणजे नियम नव्हे. सिंगापूर श्रीमंत असूनही त्याचे गुणोत्तर भारताहून कमी आहे. आखाती देश तेलाच्या उत्पन्नावर चालतात. आयर्लंडमध्ये परदेशी कंपन्यांचा कागदोपत्री नफा उत्पादनात मोजला जाऊन छेद फुगतो. नायजेरियाने 2014 साली राष्ट्रीय उत्पन्नाची मोजणी सुधारली, तेव्हा ते एकाएकी 89 टक्क्यांनी वाढले आणि एक नायराही कमी वसूल न होता गुणोत्तर जवळपास निम्म्यावर आले.

उत्पन्न एका ठिकाणी आणि कर दुसऱ्या ठिकाणी नोंदला जात असल्यामुळे जिल्ह्याचे असे गुणोत्तर काढण्यात अर्थ नसतो. फताटेवाडीच्या एनटीपीसी प्रकल्पातील 1320 मेगावॅट क्षमतेची मूल्यवृद्धी सोलापूरच्या उत्पन्नात धरायची, तर त्या कंपनीचा नफ्यावरील कर दिल्लीत भरला जातो. सोलापूरच्या पंपावर विकलेल्या पेट्रोलचे केंद्रीय उत्पादन शुल्क दूरच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या दारातच वसूल झालेले असते. मुंबईच्या नावे दिसणाऱ्या प्रत्यक्ष करांच्या प्रचंड आकड्यात अशा अनेक जिल्ह्यांत निर्माण झालेले उत्पन्न आहे, कारण कंपन्यांची मुख्यालये तेथे आहेत.