भरत्या टाकीचं गणित

किनाऱ्यालगतच्या अनेक घरांत बोअर आणि नळ या दोन्हींचं पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत चढतं. उन्हाळ्यात बोअरचं पाणी मचूळ होतं, साबणाला फेस येत नाही, आणि मग सगळे नळाला पाणी येण्याची वाट बघत बसतात. ते आल्यावर टाकीतला खारटपणा किती वेळात उतरेल? प्रश्न घरगुती असला तरी उत्तर काढताना चांगले चांगले चुकतात.

समजा, हजार लिटरच्या टाकीत तळाला २०० लिटर मचूळ पाणी उरलं आहे आणि त्याच्या लिटरमागे १५०० मिलिग्रॅम क्षार आहेत. म्हणजे एकूण ३०० ग्रॅम. नळाचं पाणी मिनिटाला १२ लिटर वेगानं आत येतं. त्याच्या लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत. त्याच वेळी खाली कपडे धुणं चालू आहे, त्यात मिनिटाला ४ लिटर पाणी जातं. टाकीत मिनिटाला ८ लिटरची भर पडते, म्हणून t मिनिटांनी पाणी २०० + ८t लिटर असतं आणि शंभराव्या मिनिटाला टाकी भरते.

आता क्षारांचा जमाखर्च मांडायचा. जमा सोपी आहे, मिनिटाला ३.६ ग्रॅम. खर्चात मात्र मेख आहे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक लिटरबरोबर किती क्षार जातील, हे त्या क्षणी ते किती पाण्यात विरघळलेले आहेत यावर ठरतं, आणि ते पाणी तर दर मिनिटाला वाढतं आहे. टाकीतले क्षार S ग्रॅम धरले, तर समीकरण असं होतं:

dS/dt = 3.6 − 4S/(200 + 8t)

S च्या खालचा छेद वेळेबरोबर बदलतो, म्हणून याला चल सहगुणकाचं समीकरण म्हणतात. घाईत छेदात नुसते २०० लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी सापडतात. त्यांचं उत्तर शंभराव्या मिनिटाला १९६ ग्रॅम येतं, म्हणजे भरलेल्या टाकीत लिटरमागे १९६ मिलिग्रॅम. इथेच थांबून विचार करायला हवा. आत येणारं पाणी ३०० चं आणि आधीचं १५०० चं. त्यांचं मिश्रण १९६ वर येईलच कसं? मिश्रण या दोन आकड्यांच्या बाहेर गेलं, की मांडणीतच चूक आहे हे ओळखावं.

खरं समीकरण सोडवायला दोन्ही बाजूंना २०० + ८t च्या वर्गमुळानं गुणावं लागतं. हाच त्याचा इंटिग्रेटिंग फॅक्टर. उत्तर शब्दांत सांगता येतं. सुरुवातीला नळाच्या पाण्यापेक्षा १२०० मिलिग्रॅम जादा होते. टाकीतलं पाणी जितके पट होतं, त्या पटीच्या दीडाव्या घातानं हे जादा क्षार घटतात. दीड आला तो १२ भागिले ८ मधून. टाकी पाचपट भरते तेव्हा जादा १०७ उरतात, म्हणजे पाणी सुमारे ४०७ वर येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे. ती सुमारे ५८ मिनिटांनी गाठली जाते. खालचे नळ बंदच ठेवले असते, तर घात एक झाला असता आणि भरलेल्या टाकीतही पाणी ५४० वरच राहिलं असतं.

हे सगळं एका गृहीतावर उभं आहे: आलेलं पाणी लगेच एकजीव होतं. खारं पाणी जड असतं. वरून हळू पडणारं गोडं पाणी वरच राहिलं आणि तोटी तळाजवळ असली, तर आधी मचूळच बाहेर येतं. टीडीएस मीटरनं हे तपासता येतं. गणिताप्रमाणे पंचविसाव्या मिनिटाला तोटीचं पाणी ७२४ च्या आसपास हवं. तेव्हाही मीटर हजाराच्या बराच वर असेल, तर पाणी मिसळत नाही असं समजावं. शिवाय टाकी भरून बॉलकॉक बंद होऊ लागला, की आवक-जावक सारखी होते आणि हे सूत्र तिथेच संपतं.

घरासाठी यातून निघणारा हिशेब सरळ आहे. नळाचं पाणी यायच्या आधीच १०० लिटर मचूळ पाणी धुण्या-पुसण्याला काढून घेतलं आणि मग तोट्या बंद ठेवून टाकी भरली, तर क्षार ४२० वर येतात. भरताना तोटी चालू ठेवून ४०७ गाठायला ४०० लिटर जातात, आणि त्यातलं बरंचसं नुकतंच आलेलं गोडं पाणी असतं. म्हणून टाकी आधी उपसावी, मग भरावी.