ओटीपी येत नाही? आधी मेलबॉक्स भरला आहे का ते बघा

गोसीखुर्दची आमची एक माजी विद्यार्थिनी गेल्या आठवड्यात अब्बांसोबत आमच्याकडे आली. प्रवेश परीक्षेच्या पोर्टलचा पासवर्ड ती विसरली होती आणि नवीन पासवर्डसाठीचा कोड फक्त ईमेलवर येतो. सहा वेळा बटण दाबलं, कोड आला नाही. फॉर्मला दोन दिवस उरले होते. "सर, साइटच खराब आहे," अब्बा म्हणाले.

आम्ही आमच्या फोनवरून तिला एक मेल पाठवून पाहिला. थोड्याच वेळात तो आमच्याकडेच परत आला. सोबत इंग्रजीत कळवलं होतं की, समोरच्याच्या खात्यात जागा नाही. ही तपासणी कोणीही घरी करू शकतो. पोर्टलने पाठवलेले कोडही असेच परत जात होते, पण ते पोर्टलकडे, म्हणून तिला काही दिसत नव्हतं.

जीमेलच्या फुकट खात्यात 15 जीबी जागा मिळते, पण ती एकट्या मेलची नाही. मेल, ड्राइव्ह आणि गुगल फोटो यांची ती सामायिक जागा आहे. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. म्हणजे शादीच्या व्हिडिओंनी भरलेला बॅकअप परीक्षेचा मेल अडवतो.

मुलीने शेकडो जाहिरातीचे मेल पुसून पाहिले होते. साधा मेल जेमतेम 50 केबीचा, त्यामुळे 400 मेल पुसले तरी 20 एमबीच सुटतात. शिवाय पुसलेले मेल `Trash` मध्ये 30 दिवस राहतात आणि तोवर जागा खातात. ते तिथूनही काढावे लागतात.

कोणी किती जागा घेतली हे `one.google.com/storage` वर दिसतं. तिचे मेल एक जीबीच्या आसपास होते, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप नऊच्या वर. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये `Chats`, मग `Chat backup` मध्ये जाऊन आम्ही `Include videos` बंद केलं आणि नव्याने बॅकअप घेतला. मोठ्या बॅकअपच्या जागी छोटा आला. व्हिडिओ फोनमध्ये तसेच राहिले, मात्र फोन हरवला तर ते परत मिळणार नाहीत हेही तिला सांगितलं. मोठे मेल हवे असतील तर जीमेलच्या शोधात हे टाका:

```
has:attachment larger:10M
```

गुगल फोटोला मात्र घाईत हात लावू नका. तिथे पुसलेला फोटो बहुतेक वेळा फोनमधूनही जातो.

जागा सुटल्याचं दिसायला वेळ लागतो, कधी एक दिवससुद्धा. परत गेलेले जुने कोड मागाहून येत नाहीत, नवीन मागवावा लागतो. काही पोर्टल मेल वारंवार परत आला की त्या पत्त्यावर पाठवणंच थांबवतात. जागा असूनही कोड आला नाही, तर हेल्पलाइनला हेच सांगा.

तिचा कोड दुसऱ्या दिवशी सकाळी आला.