आधी आंबा, मग जाहिरात

देवगडच्या एखाद्या बागायतदाराने दलालाकडे न जाता पुण्यातल्या घरांत थेट पेट्या विकायचं ठरवलं, तर त्याच्या हातात जेमतेम दोन-अडीच महिने असतात. पाडव्याला आंबा हवा म्हणून अनेक जण पाडव्यापासूनच जाहिरात सुरू करतात. पण फळ कॅलेंडर पाहून तयार होत नाही. मोहर उशिरा आला की तोडणी लांबते, आणि आगाऊ पैसे भरलेले ग्राहक रोज फोन करू लागतात.

म्हणून वेळापत्रक तोडणीपासून मागे मोजायचं. तोडलेला हापूस अढीत साधारण आठ-दहा दिवसांत पिकतो. तोडणीच्या तीन आठवडे आधी बागेचे व्हिडिओ, दहा दिवस आधी जुन्या ग्राहकांना व्हॉट्सॅप आणि पहिली तोडणी झाल्यावरच पैसे मोजून केलेली जाहिरात, असा क्रम ठेवला की तोडणी लांबली तरी सगळं वेळापत्रक तेवढंच पुढे सरकतं.

प्रत्येक मजकूर दोघांच्या नजरेखालून जायला हवा. ‘मानांकित देवगड हापूस, नैसर्गिकरीत्या पिकवलेला, दोन दिवसांत घरपोच’ ही ओळ पाहा. कोकणच्या हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते चिन्ह नोंदणी केलेल्या बागायतदारालाच वापरता येतं. फळ कॅल्शियम कार्बाइडने पिकवण्यावर देशात बंदी आहे. त्यामुळे पहिले दोन दावे बागायतदाराने तपासायचे. ‘दोन दिवसांत’ हे मात्र गाडी पाठवणाऱ्याने. त्याचा होकार आल्याशिवाय ओळ बाहेर जाऊ नये.

आता पैशांचं. समजा, एकूण ४०,००० रुपये आहेत. त्यातले २०,००० इन्स्टाग्राम-फेसबुकच्या जाहिरातींना, ८,००० सोसायट्यांत आंबा चाखायला देण्यासाठी, ६,००० फोटो-व्हिडिओंना आणि उरलेले ६,००० राखीव. चाखायला कापलेल्या फळांची किंमतही त्या ८,००० मध्येच धरायची. ती बहुतेक जण विसरतात.

ऑर्डर घेताना ‘पहिल्यांदा कुठे कळलं?’ एवढं विचारून वहीत लिहायचं. समजा, दहा दिवसांत इन्स्टाग्रामवर ६,००० खर्चून १२ पेट्या गेल्या आणि सोसायट्यांत ४,००० खर्चून २०. म्हणजे एका पेटीमागे इकडे ५०० रुपये, तिकडे २००. बाकी खर्च वजा जाता पेटीमागे ४०० सुटत असतील, तर इन्स्टाग्रामवरची प्रत्येक पेटी १०० रुपये तोट्यात जाते, व्हिडिओला कितीही लाइक्स मिळोत.

तरीही ती जाहिरात लगेच बंद करू नये. तोच ग्राहक पंधरा दिवसांनी दुसरी पेटी मागवतो, तेव्हा जाहिरातीचा खर्च नसतो आणि पहिला तोटा भरून निघतो. म्हणून वहीत पहिली ऑर्डर आणि पुन्हा आलेली ऑर्डर असे दोन रकाने हवेत. तोवर इन्स्टाग्रामचा रोजचा खर्च निम्मा करायचा, आणि राखीव ६,००० रुपयांतून आणखी सोसायट्यांत आंबा कापायचा.