‘हो’ कळवण्याआधीचा फोन

ऑफर लेटर ईमेलवर येतं, खाली ‘स्वीकारा’ असं बटण असतं आणि मुदत असते तीन-चार दिवसांची. पनवेल-खारघर पट्ट्यातली बरीच तरुण मंडळी ऐरोली, महापे, तुर्भे इथल्या कंपन्यांत किंवा तळोजा, पाताळगंगा, रसायनी इथल्या कारखान्यांत नोकऱ्या बदलत असतात. बटण दाबण्याआधी एकदा फोनवर बोलून घ्यावं, असं त्यांतल्या बहुतेकांना वाटतं. पण ‘मागे पडलो तर ऑफर जाईल’ या धास्तीने ते विचारत नाहीत, किंवा विचारतात तेव्हा थेट आकडा फेकतात. फोनची वेळ मागणारं पत्र या दोन्हींच्या मधलं आहे, आणि ते कसं लिहायचं याला थोडं शास्त्र आहे.

विचारणं म्हणजे नाकारणं नव्हे

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या सातव्या कलमानुसार प्रस्तावाचा स्वीकार संपूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. ‘मला मान्य आहे, फक्त पगार दहा लाख करा’ असं लिहिलं तर तो स्वीकार होत नाही, तो उलट प्रस्ताव ठरतो. मग मूळ ऑफर उभी आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

या बाबतीत इंग्लंडमधले दोन जुने खटले आपल्याकडेही कायद्याच्या वर्गात शिकवतात. १८४० च्या हाइड विरुद्ध रेंच या खटल्यात शेताची किंमत १००० पौंड सांगितली होती. घेणाऱ्याने ९५० देऊ केले, मालकाने नकार दिला. मग घेणारा म्हणाला, बरं, १००० घ्या. न्यायालयाने सांगितलं की ९५० म्हणताच पहिला प्रस्ताव संपला होता. १८८० च्या स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन खटल्यात लोखंड विकत घेणाऱ्याने तारेने एवढंच विचारलं होतं, की माल दोन महिन्यांत टप्प्याटप्प्याने मिळेल का. ती निव्वळ विचारणा मानली गेली आणि मूळ प्रस्ताव शाबूत राहिला.

एचआरमध्ये कोणी हे खटले काढून बसत नाही, हे खरं. पण पत्राचा सूर त्यातून ठरवता येतो. पत्रात होकार नको, अट नको आणि आकडाही नको. ‘उत्तर देण्याआधी या बाबी समजून घ्यायच्या आहेत’ एवढंच हवं. मात्र पाचवं कलमही विसरू नये. तुम्ही स्वीकार कळवून तो मार्गस्थ होत नाही तोवर कंपनीला ऑफर मागे घेता येते. म्हणून लेटर आलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र जावं, मुदत संपण्याच्या संध्याकाळी नव्हे.

आधी कागदावर हिशेब

काय विचारायचं ते आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. नमुन्यादाखल एक ऑफर घेऊ. नवीन पनवेलला राहणारी, सध्या महाप्याला काम करणारी एक अभियंता आहे. तिला ९ लाख रुपये सीटीसीची ऑफर आली. ९ भागिले १२, म्हणजे महिना ७५ हजार, असा हिशेब घरात लगेच होतो आणि तिथेच चूक होते.

लेटरच्या मागच्या पानावर फोड असते. तिच्या बाबतीत बेसिक वर्षाला ४,५०,००० आहे. व्हेरिएबल पे ९०,०००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे ५४,०००. ग्रॅच्युइटीपोटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे २१,६४५. मेडिक्लेमचा हप्ता ९,०००. हे सगळं ९ लाखांतून वजा केलं की ७,२५,३५५ उरतात, म्हणजे महिन्याला सुमारे ६०,४४६. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ ४,५०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात येतात साधारण ५५,७००. नव्या करप्रणालीत एवढ्या उत्पन्नावर २०२५-२६ साठी आयकर लागत नाही, म्हणून तो धरलेला नाही.

७५ आणि ५५.७ यांतलं अंतर ही काही फसवणूक नव्हे, पण त्यातला प्रत्येक भाग वेगळ्या स्वभावाचा आहे. पीएफ तुमचाच पैसा, फक्त उशिरा मिळणारा. कंपनीने तो पूर्ण बेसिकवर न धरता कायद्यातल्या १५,००० च्या मर्यादेवर धरला, तर दोन्ही बाजूंचे महिन्याला प्रत्येकी १,८०० कापले जातील आणि हातातला पगार ६१ हजारांच्या पुढे जाईल, निवृत्तीची शिल्लक मात्र घटेल. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षं झाल्यावरच हाती येते, त्यामुळे तीन वर्षांत नोकरी बदलणाऱ्यासाठी ते २१ हजार कागदावरच राहतात.

आणि व्हेरिएबल हा पगार नव्हे, तो अंदाज असतो. फोनवर सर्वात जास्त वेळ त्याला द्यावा, असं माझं मत आहे. तो तिमाहीला मिळतो की वर्षाला? कंपनीच्या कामगिरीवर अवलंबून आहे की तुमच्या? वर्षाच्या मध्ये रुजू झाल्यास प्रमाणात मिळतो का? वाटपाच्या तारखेला नोकरीत असणं बंधनकारक आहे का? आणि गेल्या वर्षी या गटातल्या लोकांना प्रत्यक्षात किती टक्के मिळाला? शेवटच्या प्रश्नाला ‘चांगला मिळतो’ एवढंच उत्तर आलं, तर तो आकडा घरखर्चात धरू नये.

मुद्दे चार, त्याहून जास्त नाहीत

वीस-पंचवीस मिनिटांत चारच विषय नीट होतात. पगाराची फोड पहिली. दुसरं, ठिकाण. लेटरवर ‘मुंबई’ एवढंच लिहिलेलं असतं. ऑफिस ऐरोलीला असेल तर पनवेलहून ठाण्याची लोकल थेट नेते. तेच अंधेरीला निघालं तर दिवसाचे तास आणि गाडीतली दमछाक दोन्ही बदलतात. आठवड्यातले किती दिवस ऑफिसला यायचं, रात्रपाळी आहे का, असल्यास कंपनीची गाडी पनवेलपर्यंत सोडते की वाशीलाच उतरवते, हे इथेच विचारावं.

तिसरं, रुजू होण्याची तारीख. सध्याच्या ठिकाणी नव्वद दिवसांची नोटीस असेल आणि नव्यांना तीस दिवसांत माणूस हवा असेल, तर उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटका मिळेल का, हे जुन्या कंपनीच्या मर्जीवर असतं. नवी कंपनी ते पैसे परत देते का, आणि जुन्या कंपनीने लवकर सोडलंच नाही तर नवे थांबतील का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

चौथा मुद्दा बाँडचा. ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ हे लोकलमधलं ज्ञान आता अर्धवट आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला नव्याने भरती करण्यासाठी जो खर्च येतो तो तिथे विचारात घेतला गेला. खासगी कंपनीची प्रत्येक अट त्यामुळे आपोआप टिकेल असं नव्हे. पण रक्कम किती, कशासाठी आणि काळानुसार ती कमी होते का, हे सही करण्याआधीच विचारायला हवं.

वेळ कशी सुचवावी

‘तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा’ हे वाक्य नम्र वाटतं, पण सगळं काम समोरच्यावर टाकतं. दोन दिवसांत पसरलेल्या तीन वेळा द्याव्यात, त्यातली किमान एक सकाळची असावी. लोकलमधली वेळ देऊ नये. रेंज तुटते हे एक, आणि त्याच डब्यात सध्याच्या ऑफिसातलं कोणीतरी कान देऊन बसलेलं असतं हे दुसरं. ऑफिसच्या कँटीनचंही तेच.

मुदत पत्रात स्वतःहून लिहावी आणि हवी असल्यास वाढवून मागावी. मुदतवाढ लेखी मिळेपर्यंत जुनी तारीखच खरी धरावी.

पत्राचा मजकूर

प्रत्यक्षात ही ईमेल बहुधा इंग्रजीत जाते, पण बांधणी हीच.

> विषय: ऑफर लेटरबाबत फोनवर बोलण्याची विनंती
>
> नमस्कार मॅडम,
>
> काल ऑफर लेटर मिळालं, त्याबद्दल आभार. या कामात मला रस आहे. उत्तर कळवण्याआधी काही बाबी नीट समजून घ्यायच्या आहेत. त्यासाठी साधारण २५ मिनिटं फोनवर बोलता येईल का?
>
> मुद्दे असे:
> १. पगाराची फोड: व्हेरिएबल पे आणि पीएफ
> २. कामाचं ठिकाण आणि ऑफिसचे दिवस
> ३. रुजू होण्याची तारीख आणि माझी नोटीस
> ४. सर्व्हिस ॲग्रीमेंटमधली मुदत आणि रक्कम
>
> मला या वेळा जमतील: बुधवारी सकाळी ९.३० ते १०.१५, बुधवारी दुपारी १.३० ते २.१५, गुरुवारी सकाळी ९.३० ते १०.१५. यांतली एकही सोयीची नसेल तर तुमची वेळ कळवावी.
>
> दुसऱ्या मुद्द्यासाठी टीमचे मॅनेजर सोबत असतील तर बरं होईल. लेटरची मुदत शुक्रवारी संपते. आपलं बोलणं गुरुवारी झालं, तर सोमवारी संध्याकाळपर्यंत उत्तर दिलेलं चालेल का, तेही कृपया कळवावं.

मुद्दे आधीच लिहिण्याचं कारण साधं आहे. भरती पाहणाऱ्या व्यक्तीच्या हातात पगाराच्या चौकटीचा अधिकार क्वचितच असतो. ठिकाणाबद्दल मॅनेजरला माहीत असतं, बाँडबद्दल विधी विभागाला. यादी समोर असली की ती व्यक्ती विचारून तरी येते. नाहीतर फोनवर ‘बघून सांगते’ हेच चार वेळा ऐकू येतं.

पगार वाढवून मागायचा असेल तर तो आकडा फोनवर, फोड समजल्यानंतर सांगावा. सीटीसी वाढवणं जमत नाही असं उत्तर आलं, तर व्हेरिएबलमधला काही भाग निश्चित पगारात वळवता येईल का, हे विचारून पाहावं. कंपनीचा एकूण खर्च तोच राहत असल्याने त्याला होकार मिळण्याची शक्यता बरी असते.

फोन झाल्यावर

त्याच दिवशी चार ओळींची ईमेल: ‘आज बोलल्याप्रमाणे ठिकाण ऐरोली, आठवड्यात तीन दिवस ऑफिस, रुजू होण्याची तारीख अमुक, व्हेरिएबलचं वाटप तिमाही. चुकलं असल्यास दुरुस्त करावं.’ त्यावर नुसता ‘ओके’ आला तरी उपयोगाचा आहे, पण पैसे आणि बाँड यांत काही बदल ठरला असेल तर सुधारित ऑफर लेटरच मागावं. बऱ्याच लेटरांत शेवटी एक कलम असतं, की याआधीचं सर्व तोंडी आणि लेखी बोलणं या पत्राने रद्द समजावं. ते असेल तर फोनवरचं आश्वासन आणि तुमची ईमेल दोन्ही लंगडी पडतात.

सुधारित लेटर हाती येऊन त्यावर सही होईपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा टाकू नये. नोटीसचे दिवस राजीनाम्यापासून मोजले जातात, म्हणून चार दिवस उशीर झाला तर रुजू होण्याची तारीख चार दिवस पुढे मागावी लागते. ती मागणी तिसऱ्या मुद्द्यावर बोलतानाच करून ठेवावी: ‘सुधारित लेटर मिळाल्यापासून नव्वद दिवस.’