कर्ज मंजूर करताना नाते सांगायचे राहिले

कंपनीची आचारसंहिता बहुतेक जण नोकरीच्या पहिल्या दिवशी न वाचताच सही करून टाकतात. तिच्यातले एक कलम सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच सर्वांत कमी समजलेले: हितसंबंधांचा संघर्ष. ज्या निर्णयात आपला किंवा घरच्यांचा फायदा गुंतलेला असू शकतो, तो आधी लेखी उघड करायचा आणि त्या निर्णयातून बाजूला व्हायचे.

आयसीआयसीआय बँकेच्या तेव्हाच्या प्रमुख चंदा कोचर यांचे प्रकरण याच कलमाचे आहे. बँक व्हिडिओकॉन समूहाला कर्ज देत होती, आणि समूहाचे प्रमुख वेणुगोपाल धूत यांचा कोचर यांच्या पतीच्या कंपनीशी आर्थिक व्यवहार होता. कर्ज समितीने दिले, एकट्या व्यक्तीने नव्हे, असा बचाव झाला. मार्च 2018 मध्ये संचालक मंडळानेही विश्वास व्यक्त केला. हा बचाव मला पटत नाही. समितीतल्या बाकीच्यांना हे नाते ठाऊक नसेल, तर कोणत्या दबावाखाली किंवा कोणत्या भरवशावर आपण होकार देत आहोत, हे त्यांनाही कळत नाही.

पुढे बँकेने निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्याकडे चौकशी सोपवली. जानेवारी 2019 मध्ये अहवाल आला. आचारसंहितेचा भंग झाला, वार्षिक माहिती देण्यात दक्षता पाळली गेली नाही, असा निष्कर्ष निघाला. कोचर यांनी ऑक्टोबर 2018 मध्येच पद सोडले होते, तरी बँकेने ते जाणे बडतर्फीच मानले आणि एप्रिल 2009 ते मार्च 2018 मधले सगळे बोनस परत मागितले. कोचर यांनी आरोप नाकारले. फौजदारी खटला हा वेगळा विषय आहे. आचारसंहितेला लाच सिद्ध व्हावी लागत नाही. माहिती लपली, एवढे पुरते.

खाली, खरेदी विभागात हेच रोज घडते. निविदा भरणाऱ्यांत मेहुण्याची फर्म असेल, तर पाकिटे उघडण्यापूर्वी साहेबांना ईमेल करायचा आणि समितीतून नाव काढून घ्यायचे. दर सर्वांत कमी होता, हे नंतर सांगून उपयोग नाही. भेटवस्तूंचेही तसेच. दिवाळीचा मिठाईचा डबा बहुतेक कंपन्यांत चालतो, रोख आणि गिफ्ट व्हाउचर चालत नाहीत, आणि निविदा सुरू असताना डबाही परत करावा. परत करणे शक्य नसेल, तर नोंदवहीत लिहून कंपनीकडे जमा करायचा.

तक्रार आली, तर कारणे दाखवा नोटीस, खुलासा, चौकशी आणि मग शिक्षा, हा क्रम असतो. उशिरा का होईना, स्वतःहून सांगितलेल्याचे बहुधा समजुतीवर निभावते. दुसऱ्याने उघड केलेल्यात नोकरी जाते.

तुमच्या कार्यालयात वार्षिक घोषणापत्राचा फॉर्म आला, की ‘लागू नाही’ लिहिण्यापूर्वी घरच्यांचे व्यवसाय एकदा आठवा, आणि पाठवलेल्या ईमेलची प्रत जपून ठेवा.